तापात आकडी आली तर आधी घड्याळ बघा

"ताई, फ्लूच्या तापात बाळाला आकडी आली. डोळे फिरवले, हातपाय झाडले. आता मेंदूवर परिणाम होईल का? दर तापाला गोळी सुरू करायची का?" मंगळवार पेठेतून वहिनींनी विचारलं.

नाही, मेंदूला इजा होत नाही. बाळ दीड वर्षाचं, ताप 102, आकडी दोनेक मिनिटांची, दोन्ही बाजू सारख्याच हलत होत्या आणि अर्ध्या तासात त्यानं आईला ओळखलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत शंभरात दोन ते पाच जणांना हे होतं. त्या वयाचा मेंदू तापाला लवकर उसळतो, वय वाढलं की ते थांबतं. मँचेस्टरमध्ये मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून मी अशी मुलं दर थंडीत बघते. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, एवढाच फरक.

आत्याबाईंनी कुशीवर वळवलं, ते अगदी बरोबर केलं. पण मग दातखिळी सोडवायला चमचा घातला. तसं करू नका. जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतो. कांदा हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका, पाणी पाजू नका. कुशीवर ठेवा, गळ्याचं बटण सोडा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही तर 108 ला फोन करा. गल्लीतून रिक्षाच लवकर निघणार असेल तर मागे एकानं बाळाला कुशीवर धरून बसायचं.

मामा म्हणाले, "मला पण फिट यायच्या, गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या." मामा, तुम्हाला तापाशिवाय यायच्या, तो आजार वेगळा. तापाच्या आकडीनंतर तसा आजार बहुतेक मुलांना होत नाही.

तरी पहिली आकडी थांबली की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवाच. मूल तासाभरानंतरही गुंगीत असेल, मान ताठ वाटत असेल, दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसत असतील, एकाच बाजूला झटके आले असतील किंवा चोवीस तासांत पुन्हा आकडी आली, तर थेट हॉस्पिटलात न्या. तिथं मेंदूज्वर नाही ना, हे बघतात.

गोळीवर मात्र इथं मँचेस्टरमध्ये आणि आपल्याकडे एकमत नाही. पॅरासिटामॉलनं बाळाला बरं वाटतं, आकडी टळत नाही. तिघांतल्या एकाला ती पुढच्या एखाद्या तापात पुन्हा येते. म्हणून आपल्याकडचे काही डॉक्टर तापाचे दोन-तीन दिवस क्लोबाझम ही आकडी टाळायची गोळी देतात. इथं सहसा देत नाहीत, कारण मूल पेंगतं, तोल जातो आणि ती गुंगी औषधाची की मेंदूज्वराची, हेच कळत नाही. एकाच छोट्या आकडीसाठी मी ती देणार नाही. पण हॉस्पिटल तासभर लांब असलेल्या गगनबावड्याकडच्या घरात आकडी पुन्हा पुन्हा येत असेल, तर तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. त्यांना नाकात मारायच्या मिडॅझोलम स्प्रेबद्दलही विचारा, लांबलेली आकडी घरीच थांबवायला तो देतात.