चार मंगलाष्टके आणि गोराईची विहीर

आमच्या भाचीचे लग्न गोराईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्याच मूळच्या, कॅथलिक कुटुंबातील मुलाशी ठरले, तेव्हा दोन्ही घरांनी ठरवले की नोंदणी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने करायची आणि संध्याकाळी दादरच्या हॉलमध्ये अंतरपाट धरून मंगलाष्टके म्हणायची. ती ८२ वर्षांच्या अण्णांनी, म्हणजे आमच्या थोरल्या काकांनी म्हणावीत, हेही ठरले आणि लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

माझा पहिला मसुदा फसला, आणि तो का फसला हे सांगण्यासाठीच ही पोस्ट लिहितो आहे. 'सर्वसमावेशक' म्हणून मी एका ओळीत गणपती, दुसरीत येशू, तिसरीत एकवीरा आणि चौथीत माउंट मेरी अशी मांडणी केली होती. अण्णांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "अरे, ही तर हजेरी घेतल्यासारखी झाली. कोणाचे नाव राहिले तर?" ते बरोबरच होते. देवांची वाटणी केली की ऐकणारा आपला वाटा मोजू लागतो, आणि वधूवर बाजूला राहतात. त्याच मसुद्यात 'लक्ष्मी तुम्हांस दिली' अशा अर्थाची एक ओळही होती. ती मात्र भाचीनेच खोडली, आणि त्यावर फार चर्चा करण्याची गरज पडली नाही.

दिशा सापडली ती लग्नाच्या तयारीसाठी गोराईला गेलो तेव्हा. ईस्ट इंडियन लग्नात 'उंबराचे पाणी' हा विधी असतो. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीनवऱ्याच्या अंघोळीसाठी पाणी भरून आणतात. मुलाची आजी त्यांच्या बोलीत, म्हणजे मराठीतच, मला कळशी कशी धरायची ते समजावत होती, आणि माझ्या मनात आपले जुने 'गंगा सिंधु सरस्वती च यमुना' घोळू लागले. आपल्या मंगलाष्टकातही नद्यांनाच साकडे घातलेले असते. पाणी दोन्ही घरांत आधीपासून होते. मी उगाच देव्हाऱ्यात शोधत होतो.

आता वृत्ताविषयी. मंगलाष्टकाची रूढ चाल शार्दूलविक्रीडिताची: ओळीत १९ अक्षरे आणि बाराव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबा. वाचणारा वयस्कर असेल तर हा थांबा छंदशास्त्रापेक्षा श्वासासाठी अधिक महत्त्वाचा ठरतो. बारावे अक्षर शब्दाच्या मध्ये आले, तर अण्णांना एकतर शब्द तोडावा लागतो किंवा दम कोंडून पुढे रेटावे लागते. म्हणून मी अर्थ बाराव्या अक्षराशीच विसावेल अशी रचना केली आणि तिथे उभी रेघ मारली:

आडाचे जळ उंबराजवळचे । गंगेस भेटे जसे
दोन्ही गोत मिळून आज सहजी । बैसोत पंक्तीं तसे
मायेला कुठलीच वेस नसते । नांदा मुलांनो असे
आई-बाप उभे समोर तुमच्या । होवो सदा मंगल

शेवटच्या चरणात 'कुर्यात् सदा मंगलम्' का नाही, असे एका मावशींनी विचारले. कुर्यात् म्हणजे 'तो किंवा ती करो'. पारंपरिक श्लोकात हे करणारी देवता आधी आलेली असते. इथे समोर आई-बाप आहेत, म्हणजे कर्ता अनेकवचनी होतो आणि क्रियापद जुळत नाही. शिवाय 'होवो सदा मंगल' गोराईची आजीही पहिल्याच वेळी बरोबर म्हणू शकली. 'तुमच्या' मधील 'म' मी लघु धरला आहे, कारण मराठीत 'च्या'चा आघात मागच्या अक्षरावर पडत नाही. ज्यांना ही सवलत वाटते त्यांनी ती सवलतच समजावी.

संख्येचाही प्रश्न होता. मंगलाष्टके लांबतात ती बहुधा मुहूर्ताची वेळ गाठण्यासाठी, आणि मग आत्या-मामांची हौस त्यात भर घालते. आमच्याकडे मुहूर्त नव्हता, म्हणून चारच ठेवली. दोन्हीकडच्या नातेवाइकांना एकेक जादा श्लोक 'फक्त दोन मिनिटे' म्हणायचा होता. ते मी नम्रपणे जेवणानंतरवर ढकलले, आणि जेवणानंतर कोणालाच आठवले नाही.

तालमीत एक दोष कळला. अण्णा प्रत्येक श्लोकानंतर 'शुभमंगल सावधान' म्हणत, आणि ते ऐकले की पाहुणे अक्षता टाकतात, हे आपल्याला सवयीचे असले तरी गोराईच्या मंडळींना माहीत नव्हते. म्हणून आम्ही अक्षतांच्या पुड्यांवरच 'सावधान ऐकताच' असे छापून घेतले. कागदावर अक्षरे मोठी ठेवली, एका पानावर एकच श्लोक घेतला आणि पान उलटायला भाचीचा धाकटा भाऊ शेजारी उभा केला.

प्रत्यक्षात तिसऱ्या श्लोकाला त्याने दोन पाने एकदम उलटली. अण्णा रेघेपाशी थांबले, त्याच्याकडे पाहिले, पान मागे घेतले आणि तेवढ्या वेळात पहिल्या रांगेतून गोराईच्या आजींनी आपली मूठभर अक्षता आधीच टाकून दिली.