फुगा दिसला म्हणून कातडी ओढू नका

"चार वर्षांच्या मुलाची शूच्या जागेची कातडी मागे जात नाही, शू करताना फुगा येतो. रोज आंघोळीला खोबरेल लावून मागे ओढायची, नाहीतर ऑपरेशन लागतं, खरं का?"

नाही, कृपा करून ओढू नका. जन्मतः ही कातडी आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते. ती हळूहळू, वर्षानुवर्षांत आपोआप सुटते, काहींची तर वयात येईपर्यंत. आतून सुटली पण तोंड अजून अरुंद आहे, अशा काळात शू क्षणभर आत साठते आणि फुगा दिसतो. धार नीट येते आणि मूल रडत नाही, तर काही करायचं नसतं.

डिचोलीच्या एका आईने हाच उपाय महिनाभर केला. बाळ माझ्याकडे आलं तेव्हा कातडीच्या टोकाला चिरा होत्या, रक्त सुकलेलं होतं. अशा चिरा भरताना व्रण धरतो आणि नसलेला आजार खरोखर तयार होतो.

फरक डोळ्यांना दिसतो. कातडी अगदी हलकेच मागे घेतली की निरोगी टोक मऊ, गुलाबी राहून कळीसारखं उमलतं. आजारात तिथे पांढरट, कडक कडं दिसतं. असं कडं, थेंब थेंब शू, लाली-सूज, पू किंवा तापासह लघवीची जळजळ असेल तर डॉक्टरांना दाखवा. मागे गेलेली कातडी पुढे येईना आणि टोक सुजलं, किंवा शू अडली, तर त्याच घटकेला इस्पितळ गाठा.