फलाट बदलल्याची घोषणा एका दमात करू नका

“गर्दीत अनाउन्समेंट करताना: 1) माईक तोंडाला लावा, आवाज फुल ठेवा, ओरडून बोला. 2) मध्ये थांबू नका, एका दमात संपवा. 3) फलाट बदलला तर ‘पाचऐवजी सात’ एवढंच पुरे. 4) एकदाच सांगा, सारखं सांगितलं की लोक ऐकत नाहीत.”

माझी भाची गेल्या महिन्यात एका स्टेशनच्या उद्घोषणा कक्षात रुजू झाली आणि हा मेसेज तिला तिथल्या सिनियरनेच पाठवला. मी स्वतः बावीस वर्षं त्याच कामात काढली. तिने “मामा, असंच करू ना?” असं विचारलं, तेव्हा मला गप्प बसवेना.

पहिला मुद्दा थोडक्यात. आवाज गोंगाटाच्या वर असायलाच हवा, तेवढं बरोबर. पण ओरडल्याने ‘आ’, ‘ओ’ असे स्वर मोठे होतात. स, त, ठ, फ ही व्यंजनं जवळजवळ तेवढीच राहतात. ‘सात’ आणि ‘आठ’ यांत स्वर एकच आहे, फरक सगळा व्यंजनांत. ओरडून सांगितलेला आकडा म्हणजे लोकांच्या कानी पडलेला नुसता ‘आ’. त्यातून माईक ओठांना चिकटला तर ‘फलाट’मधल्या ‘फ’चा फटका बसतो आणि पुढचं अक्षर गिळलं जातं. माईक चार बोटं लांब आणि जरा बाजूला धरावा, नेहमीच्या आवाजात बोलावं आणि पातळी मशीनवर वाढवावी.

एका दमात का बोलू नये? आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. फलाटावर उभ्या माणसाला जवळचा भोंगा लगेच ऐकू येतो आणि सत्तर मीटरवरचा सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने उशिरा. तेवढ्या वेळात आपण पुढचं अक्षर बोललेलो असतो. पत्र्याच्या छताखाली घुमणारा आवाज वेगळाच. आवाज वाढवला की हा घुमारही तेवढाच वाढतो, त्यामुळे उपाय एकच: छोटं वाक्य आणि त्यानंतर एक-दीड सेकंदाची खरी शांतता.

आता तिसरा मुद्दा. तो वाचून माझा संताप झाला, कारण यात माणसं मरतात. 15 फेब्रुवारी 2025 ला नवी दिल्ली स्टेशनवरच्या चेंगराचेंगरीत 18 जण गेले. दिल्ली पोलिसांनी त्या वेळी सांगितलं, की ‘प्रयागराज एक्सप्रेस’ आणि ‘प्रयागराज स्पेशल’ या नावांनी गोंधळ झाला: एक्सप्रेस 14 नंबरवर, स्पेशल 16 वर येत असल्याची घोषणा झाली आणि लोकांना वाटलं आपलीच गाडी तिकडे गेली. गर्दी आणि जिन्यावरची कोंडी ही कारणं होतीच. पण ऐकणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याच्या कानावर ‘प्रयागराज’ आणि ‘सोळा’ एवढंच पडलं, तर तो धावणारच.

‘पाचऐवजी सात’चंही तेच होतं. गोंगाटात ‘ऐवजी’ बुडतं आणि हातात दोन आकडे उरतात. समजा 5:42 ची बदलापूर लोकल सातवर गेली आहे आणि पाचवर आता कर्जत लोकल येणार आहे. मी भाचीला असं लिहून दिलं:

“बदलापूरच्या प्रवाशांनी लक्ष द्यावे.” थांब. “पाच बेचाळीसची बदलापूर लोकल फलाट क्रमांक सातवर येईल. सात. तिकीटघराच्या बाजूचा फलाट.” थांब. “फलाट पाचवर थांबलेल्या बदलापूरच्या प्रवाशांनी सातवर यावे.” थांब. “कर्जत लोकलच्या प्रवाशांनी पाचवरच थांबावे.”

आधी टिंग-टाँग, मग कोणासाठी ते, कारण पहिले दोन-तीन शब्द कान वळेपर्यंत वाया जातात. जुना फलाट गाडीला जोडायचा नाही, माणसांना जोडायचा. तिकीटघराची खूण ‘सात’चा ‘आठ’ होऊ देत नाही. आणि शेवटचं वाक्य ज्यांनी हलायचं नाही त्यांच्यासाठी. मेसेजवाल्याला ते फालतू वाटेल. जिन्यावरची निम्मी गर्दी त्याच वाक्याने थांबते.

चौथ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. दिवसभर सूचना आणि जाहिराती वाजत राहिल्या की लोक कान बंद करतात. मग कमी करायच्या त्या जाहिराती. फलाट बदलल्याची घोषणा लागोपाठ दोनदा व्हायलाच हवी आणि मिनिटभराने तिसऱ्यांदा, कारण तोवर पुलावरून नवे लोक उतरलेले असतात. प्रत्येक वेळी शब्द तेच ठेवायचे. ते बदलले की ऐकणाऱ्याला वाटतं, आणखी काहीतरी बदललं.

आपलं बोलणं पोहोचतंय का, हे कक्षात बसून कळत नाही. फलाटाच्या टोकाला सहकाऱ्याला उभं करायचं, गाडी येत असताना घोषणा करायची आणि “ऐकू आलं का?” असं न विचारता ऐकलेला आकडा कागदावर लिहून आणायला सांगायचं. भाचीने हे केलं. ओरडून सांगितलेल्या ‘सात’च्या जागी कागदावर ‘आठ’ आला.