खुलासा : त्रिज्येतील चूक आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ

“त्रिज्या मोजताना 2 टक्के चूक झाली, तर क्षेत्रफळातही 2 टक्केच चूक येते.”

हे बरोबर नाही. चूक सुमारे 4 टक्के येते. खानापूरकडच्या एखाद्या गुऱ्हाळातील काहिलीची त्रिज्या 150 सेंमी असताना टेपने 153 सेंमी भरली, तर वाढीव भाग म्हणजे 942.5 सेंमी परिघाला लागून असलेली 3 सेंमी रुंदीची पट्टी होय, आणि तिचे क्षेत्रफळ सुमारे 2,827 चौ. सेंमी, म्हणजे मूळ 70,686 च्या नेमके 4 टक्के भरते. पट्टी बाहेरून किंचित लांब असल्याने आणखी 28 चौ. सेंमी वाढतात, ते इथे सोडून देता येतात. मात्र चूक 20 टक्के असेल, तर दुपटीचा नियम 40 सांगतो आणि प्रत्यक्षात 44 टक्के येतात. त्रिज्या तितकीच कमी मोजल्यास घट 36 टक्केच होते.