सहाव्या कुर्तीपर्यंत हाती नफा नसतो

सोसायटीच्या ग्रुपवर कुर्त्यांचे फोटो टाकले की कुणीतरी हमखास लिहितं, "होलसेलला हीच तीनशेच्या आत मिळते." मिळते, खरं आहे. पण एक मिळत नाही, आठ घ्याव्या लागतात. हा धंदा नव्याने सुरू करणाऱ्या कितीतरी मैत्रिणींचं गणित इथेच चुकतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दादरचं हिंदमाता असो, उल्हासनगर असो किंवा सुरतचा रिंग रोड, कुर्त्यांच्या होलसेल दुकानात "सिंगल पीस नाही, सेट तुटणार नाही" हे वाक्य ऐकू येतंच. सेट म्हणजे एकाच डिझाइनचे दोन रंग आणि प्रत्येक रंगात एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल. म्हणजे झाले आठ नग. दुकानदाराचंही बरोबरच आहे, आपण खपणारे साइज उचलून नेले तर उरलेले त्याने कुणाला विकायचे? तर ते उरलेले साइज आपल्या घरी येतात आणि होलसेलचा कमी भाव मिळतो तो त्यामुळेच.

आता हिशेब बघा. कुर्ती २८० रुपयांची आहे. त्यावर ५ टक्के जीएसटीचे १४ रुपये. आपली जीएसटी नोंदणी नसते (वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल आणि आपण राज्यातल्या राज्यातच माल विकत असू तर लागतही नाही), त्यामुळे हे १४ रुपये परत मिळत नाहीत, ते खर्चातच धरायचे. जाण्यायेण्याचं भाडं, हमाली आणि टेम्पो किंवा रिक्षा हे सगळं एका खेपेच्या नगांवर वाटलं की नगामागे साधारण १५ रुपये येतात. पिशवी आणि पॅकिंगचे ५. म्हणजे कुर्ती घरात येईपर्यंत ३१४ रुपयांना पडते आणि आठचा सेट २५१२ ला.

तुम्ही ती ४५० ला विकता. बहुतेक जणी इथे ४५० वजा ३१४ करून एका कुर्तीमागे १३६ सुटले म्हणून खूश होतात. पण पाच कुर्त्या विकल्यावर हातात २२५० रुपये असतात आणि सेटचे २५१२ अजून वसूल व्हायचे असतात. सहावी विकली की २७०० होतात आणि तिथे पहिल्यांदा १८८ रुपये आपले म्हणायचे. तोवर डब्यात जमलेला प्रत्येक रुपया भांडवल आहे. त्यातून भाजी आणली की पुढची खेप घरखर्चातून भरावी लागते, आणि मग घरचे विचारतात, "तुझ्या धंद्यात नक्की मिळतं काय?"

उरलेल्या दोन कुर्त्या कोणत्या, तेही सांगते. आमच्यासारख्या पस्तिशी-पन्नाशीच्या बायकांच्या ग्रुपवर एक्सएल आणि डबल एक्सएल आधी उडतात, मागोमाग एल जातात, आणि दोन्ही रंगांतले एम कपाटात बसतात. ते दोन एम शेवटी २५० ला काढले तर आणखी ५०० येतात आणि अख्ख्या सेटवर नफा होतो ६८८ रुपये, म्हणजे नगामागे ८६. हा खरा आकडा. १३६ हा फक्त पहिल्या सहा गिऱ्हाइकांचा आकडा होता.

आता या हिशेबात मैत्री आणून बघा. "आपल्या माणसांकडून काय नफा घ्यायचा" म्हणत सहाही कुर्त्या ४०० ला दिल्या, तर २४०० आले. सेट सुटायला ११२ रुपये कमी, आणि दोन एम अजून कपाटातच. पन्नास रुपयांची सूट दिसायला किरकोळ असते, पण सहाव्या कुर्तीला हाती येणारा सगळा नफा ती घेऊन जाते. म्हणून माझं ठाम मत आहे की चालणाऱ्या साइजवर कुणालाही सूट द्यायची नाही, अगदी सख्ख्या बहिणीलाही नाही. एकीला ४०० ला दिलेली कुर्ती दुसरीला ४५० ला दिली की लिफ्टमध्ये दोघींची गाठ पडतेच, आणि त्यातून येणारा दुरावा पन्नास रुपयांपेक्षा फार महाग पडतो. सूट द्यायचीच तर शेवटच्या एम साइजवर द्यायची आणि ती उघडपणे ग्रुपवर सगळ्यांसाठी लावायची. "मी होलसेलमधून आणते, त्यात माझी मेहनत आणि नफा आहे" हे एकदा स्पष्ट सांगून टाकलं की पुढे अवघडलेपण राहत नाही. वरच्या त्या कॉमेंटलाही माझं हेच उत्तर असतं.

उधारीचंही तसंच. सहापैकी दोघींनी "पगार झाला की देते" म्हटलं, तर हातात १८०० राहतात आणि पुढच्या सेटचं दुकानातलं बिलच जीएसटी धरून २३५२ चं असतं. होलसेलवाला नव्या माणसाला उधार देत नाही. "माझ्यासाठी बाजूला ठेव" म्हणून ठेवलेली एक्सएल आठ दिवसांनी नको झाली, तर तोवर ती घेणारी दुसरीकडून घेऊन मोकळी झालेली असते. पैसे आले की पीस तुमचा, हा नियम पहिल्या फोटोबरोबरच लिहायचा. नंतर लिहिला की तो कुणातरी एकीला उद्देशून लिहिल्यासारखा वाटतो.

नफा ठरतो तो दुकानात बिल होण्याआधी. आधी विचारायचं, "एल पासून सेट आहे का?" काही दुकानांत असतो, आणि नगामागे पाच-दहा रुपये जास्त पडले तरी तो घ्यावा, कारण अडकणारे एम त्यात नसतात. मग टेप काढायची. लेबलवर एक्सएल लिहिलंय म्हणून कुर्ती एक्सएल नसते. ती टेबलावर सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायची, २१ इंच भरली तर छाती ४२, म्हणजे नेहमीचा एक्सएल. १९ भरली तर तो एमच आहे, लेबल काहीही म्हणो. ग्रुपवरही साइजबरोबर हे माप टाकते मी, त्याने परत येणारे नग पुष्कळ कमी होतात.

गडद रंगाच्या कुर्तीच्या आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल घासून बघायचा. रुमालाला रंग लागला तर तो सेट सोडून द्यायचा, कारण पुढे कुणाच्या तरी पांढऱ्या ओढणीची भरपाई आपल्याकडे येणार. रेयॉन धुतल्यावर आखडतो, तेव्हा नव्या दुकानाच्या मालातली एक कुर्ती आधी घरी धुवून, वाळवून पुन्हा मोजायची आणि मगच फोटो टाकायचे. आठही नग काउंटरवरच उघडायचे, डाग, उसवलेली शिवण, बाह्यांची लांबी बघायची. बिलावर "माल परत घेतला जाणार नाही" छापलेलं असतं, आणि शेजारीण मात्र उसवलेली कुर्ती परत आणणारच. आणावीच, आणि आपण ती बिनतक्रार घ्यावी. नगामागे दहा रुपये या कामासाठी बाजूला टाकायचे आणि नफ्याचा ८६ चा आकडा ७६ धरायचा.

उरलेल्या एमसाठी एक वाट मला सगळ्यात आवडते. दुसऱ्या सोसायटीत विकणारी एखादी मैत्रीण जोडायची, शक्यतो जिथे कॉलेजच्या मुली जास्त आहेत अशा ठिकाणची. तिच्याकडे डबल एक्सएल पडून असतात, आपल्याकडे एम. अदलाबदल करायची, किंवा त्याहून चांगलं म्हणजे सेट मिळूनच घ्यायचा. फक्त कुणाचे किती नग आणि भाडं निम्मं-निम्मं, हे बिलाच्या फोटोसकट त्याच दिवशी एकमेकींना लिहून पाठवायचं.