15 दिवसांत कार, आणि क्लच मात्र सरांच्या पायाखाली

"15 दिवसांत कार शिका! लायसन्स 100% गॅरंटी, आरटीओत टेस्टची गरज नाही, आमचं सर्टिफिकेट पुरेसं. सगळं मिळून फक्त 6,500. सेफ्टी फर्स्ट – ड्युअल कंट्रोल गाडी. आजच ॲडमिशन घ्या!"

हे मावशीने काल रात्री घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "धाकटीसाठी उद्या भरून टाकते." मावशी, थांब जरा.

आधी दिवसांचं बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 31 म्हणतो, घरगुती कारचं प्रशिक्षण किमान 21 दिवसांचं हवं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान 10 तास. म्हणजे 600 मिनिटं. यांचे 15 दिवस, रोज अर्धा तास धरला तर 450 होतात. तेही कागदावर. मी शिकलो तेव्हा गाडीत रोज आधीचा मुलगा बसलेला असायचा. त्याला घरी सोडायचं, मग मी, आणि माझ्या वेळातच पुढच्या बाईंना घ्यायला जायचं. एकदा घड्याळ लावून बसलो तर स्टिअरिंग माझ्या हातात जेमतेम 20 मिनिटं. त्या हिशोबाने 15 दिवसांचे 5 तास होतात. नियमाच्या बरोब्बर निम्मे.

आता सेफ्टी फर्स्ट. ड्युअल कंट्रोल ही मेहेरबानी नाही, शिकवायच्या कारला ते असावंच लागतं. आणि खरी गोम तिथेच आहे. शिकवणाऱ्याच्या पायाशी असलेला क्लच आणि ब्रेक तुमच्या पेडलांना जोडलेले असतात. त्याने दाबलं की तुमच्या तळव्याखालचं पेडलही आपोआप खाली जातं. नवख्याला वाटतं आपणच दाबलं. मला सोळा दिवस तसंच वाटत होतं. "मस्त चालवताय," असं सरही म्हणायचे. लायसन्स मिळाल्यावर पहिल्याच रविवारी लालबागच्या पुलाच्या चढावर ट्रॅफिक थांबला आणि मी क्लच सोडला तशी गाडी बंद. तीनदा. तिसऱ्या वेळी ती हातभर मागे गेली आणि मागच्या टॅक्सीवाल्याने माझ्या सात पिढ्या काढल्या. हाफ क्लचवर इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, तोवर हँडब्रेक सोडायचा नसतो. हे मला कुणी दाखवलंच नव्हतं, कारण चढावर क्लच सर सांभाळत होते. धाकटीला एवढंच सांग: दुसऱ्या आठवड्यापासून सरांना म्हणायचं, पाय सीटकडे ओढून घ्या, गरज लागली तरच पुढे. आणि पेडल स्वतःहून सरकलं की तिथेच विचारायचं, आत्ता कोणी दाबलं?

"टेस्टची गरज नाही" यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. 2021 च्या नियमांनी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांना ती सवलत दिली आहे. पण तिथे कारचा कोर्स 4 आठवड्यांत 29 तासांचा असतो, सिम्युलेटर लागतो, स्वतःचा टेस्ट ट्रॅक लागतो, त्यासाठी किमान एक एकर जागा लागते. आपल्या स्टेशनसमोर झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एक टेबल टाकून बसलेल्यांकडे एकर कुठून येणार? त्यांचं सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म 5. तो घेऊनही टेस्ट द्यावीच लागते. शिवाय लर्निंग लायसन्सला 30 दिवस झाल्याशिवाय टेस्टला उभंच राहता येत नाही. नापास झालं तर 7 दिवसांनी पुन्हा. गॅरंटीचं तर विचारूच नका, नियमांबाहेर लायसन्स काढून देऊ असं भासवायला ड्रायव्हिंग स्कूलला त्याच 1989 च्या नियमांत मनाई आहे.

फीबद्दल फार तक्रार नाही. सरकारी फी कारपुरती लर्निंगचे 150, त्याच्या परीक्षेचे 50, टेस्टचे 300, लायसन्सचे 200, म्हणजे 700, आणि वर कार्ड-टपालाचे थोडे. बाकीचे पेट्रोल, शिकवणं आणि टेस्टच्या दिवशी गाडी आणून देण्याचे. घरी गाडी नसेल तर त्या शेवटच्या गोष्टीचे पैसे द्यावेतच. फक्त 700 ची पावती धाकटीच्या नावाची मागून घे, "सगळं मिळून" वर जाऊ नकोस.

उद्या गेलीसच तर एक कर. त्यांना फॉर्म 15 चं रजिस्टर दाखवायला सांग. कोणत्या विद्यार्थ्याने किती तास गाडी चालवली याची नोंद त्यात ठेवायची असते. आधीच्या पोरांचे तास तारखेवार भरलेले दिसले तर बोलणं पुढे ने. रजिस्टर "साहेबांकडे आहे" असं उत्तर आलं, किंवा सगळ्या ओळी एकाच पेनाने एकाच दिवशी भरल्यासारख्या दिसल्या, तर 6,500 पर्समध्येच ठेव आणि मला फोन कर.