बिटरेट जुळला, तरी सॅम्पल पॉइंट मोजावाच लागतो

गाडीतले कंट्रोलर ज्या तारेवर एकमेकांशी बोलतात त्या कॅन बसबद्दल, आणि सॅम्पल पॉइंटबद्दल, म्हणजे नोड बिट वाचतो त्या क्षणाबद्दल, असा सल्ला ऐकू येतो: "कॅन बसवर सगळ्या नोडचा बिटरेट जुळला की झालं. सॅम्पल पॉइंट बिटच्या मधोमध ठेवा, तीच सगळ्यात सुरक्षित जागा. घड्याळं थोडी मागेपुढे असली तरी रीसिंक्रोनायझेशन सांभाळून घेतं. टेबलावर चाललं की गाडीतही चालतं."

"मधोमध ठेवा"

हा सल्ला सीरियल पोर्टवरून आला आहे. तिथे एक जण बोलतो, दुसरा ऐकतो, आणि बिटच्या दोन्ही कडांपासून सारखं अंतर ठेवणं बरोबरच असतं. कॅनवर मात्र एकाच बिटात दोन नोड बोलू शकतात. आधी कोण बोलणार ते ठरतं त्या आर्बिट्रेशनमध्ये ते घडतं, आणि पोच द्यायच्या ॲकच्या बिटात तर प्रत्येक फ्रेममध्ये घडतं. पाठवणारा ॲकचा बिट रिसेसिव्ह, म्हणजे १, सोडतो आणि ऐकणाऱ्याने तो डॉमिनंट, म्हणजे ०, करायचा असतो. ऐकणाऱ्याचं घड्याळ त्याच्यापर्यंत उशिरा पोचलेल्या कडेवर जुळलेलं असतं, म्हणून त्याचं उत्तरही उशिरा निघतं आणि परत येताना पुन्हा तेवढाच वेळ घेतं. हा सगळा फेरा पाठवणाऱ्याच्या सॅम्पल पॉइंटच्या आधी पुरा व्हायला हवा. बिटमधला प्रॉपगेशन सेगमेंट एवढ्याचसाठी असतो.

आकडे घालून बघू. ५०० केबीपीएसला एक बिट २००० नॅनोसेकंदांचा. क्वांटम हे बिट मोजायचं सगळ्यात लहान माप; तो १२५ नॅनोसेकंदांचा धरला तर बिटमध्ये १६ क्वांटा बसतात: पहिला सिंक सेगमेंटचा, मग प्रॉपगेशन, मग फेज १. फेज १ संपतो तिथे सॅम्पल, आणि उरलेला भाग फेज २.

आता ४० मीटर तार घ्या. मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद, म्हणजे जाऊन-येऊन ४००. ट्रान्सीव्हरमधून बाहेर पडून परत आत यायला आयएसओ ११८९८-२ प्रमाणे जास्तीत जास्त २५५ लागू शकतात, दोन्ही टोकांचे मिळून ५१०. एका टोकाला बॅटरीचा कंट्रोलर आहे आणि त्यात आयसोलेटर आहे असं समजा. तो दोनदा ओलांडायचा, प्रत्येक वेळी ५० धरले तर आणखी १००. बेरीज १०१० नॅनोसेकंद.

मधोमध ठेवलेला सॅम्पल १००० नॅनोसेकंदांवर पडतो. उत्तर यायच्या १० नॅनोसेकंद आधी. शिवाय समोरचा नोड आलेली कड आपल्या क्वांटमच्या मापाने ओळखतो, त्यामुळे उत्तराला आणखी १२५ पर्यंत उशीर होऊ शकतो. पाठवणाऱ्याला रिसेसिव्ह दिसतं, तो ॲक एरर नोंदवतो आणि तीच फ्रेम पुन्हा पाठवतो. समोरच्याने मात्र ती फ्रेम नीट वाचलेली असते, सीआरसीसुद्धा जुळलेला असतो.

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: ऐकणाऱ्याला डेटा दिसतो, आणि पाठवणारा "कोणीच ॲक देत नाही" म्हणतो. मधे एखादा जवळचा नोड जोडला की त्याचा ॲक वेळेत येतो आणि तक्रार गायब झाल्यासारखी वाटते. पण लांबच्या नोडचा उशिरा आलेला ॲक आता पुढच्या, रिसेसिव्ह असायला हव्या अशा बिटात घुसतो आणि कधीमधी फॉर्म एरर निघते. माझे दोन दिवस अशाच एका बसवर कनेक्टर बदलण्यात गेले. कनेक्टर चांगलेच होते.

"रीसिंक्रोनायझेशन सांभाळून घेतं"

घेतं, पण मोजून. ते फक्त रिसेसिव्हकडून डॉमिनंटकडे जाणाऱ्या कडेवर होतं. कड उशिरा आली तर फेज १ लांबवतात, लवकर आली तर फेज २ आखडतात, आणि एका कडेला जास्तीत जास्त एसजेडब्ल्यू या ठरवून दिलेल्या मर्यादेएवढेच क्वांटा. सलग पाच सारख्या बिटांनंतर उलटा बिट घालायचा नियम असल्यामुळे अशा दोन कडांमध्ये फार तर दहा बिट जातात.

पाठवणाऱ्याचं घड्याळ अर्धा टक्का पुढे आणि ऐकणाऱ्याचं अर्धा टक्का मागे असं समजा. सिरॅमिक रेझोनेटरवर हे अशक्य नाही. फरक एक टक्का. दहा बिट म्हणजे १६० क्वांटा, त्यात ऐकणारा १.६ क्वांटा मागे पडतो. एसजेडब्ल्यू १ असेल तर कडेवर एकच क्वांटम भरून निघतो, ०.६ शिल्लक राहतो. पुढच्या दहा बिटांत तो २.२ होतो. सॅम्पल ८७.५ टक्क्यांवर, म्हणजे १४ व्या क्वांटमनंतर असेल, तर मागे फक्त दोन क्वांटा जागा आहे. सॅम्पल पुढच्या बिटात जाऊन पडतो.

म्हणजे सॅम्पल फार पुढे नेणंही फुकट नाही. फेज २ लहान झाला की एसजेडब्ल्यूलाही तेवढीच मर्यादा येते, कारण तो फेज २ पेक्षा मोठा असू शकत नाही. वरच्या उदाहरणात एसजेडब्ल्यू २ केला तर दहा बिटांचा १.६ क्वांटा पुरता भरून निघतो. पण पाच सारख्या बिटांचा नियम मोडला की होणाऱ्या स्टफ एररनंतर एरर फ्लॅगमुळे शेवटच्या कडेपासून १३ व्या बिटापर्यंत कड न मिळताच बरोबर वाचावं लागतं. तिथे फरक २.०६ क्वांटा होतो आणि जागा दोनच. अगदी थोडक्यात हुकतं.

मग कुठे ठेवायचा?

याच बससाठी मी आधी प्रॉपगेशन भागवतो: १०१० नॅनोसेकंदांना ९ क्वांटा. सिंकचा १ धरून उरतात सहा, ते फेज १ आणि फेज २ ला तीन-तीन. सॅम्पल १३ व्या क्वांटमनंतर, म्हणजे ८१.२५ टक्क्यांवर, एसजेडब्ल्यू ३. आता एक टक्का फरकातही १३ बिटांची अट २.०५ क्वांट्यांत बसते आणि जागा तीन आहे. सगळ्या नोडवर चांगले क्रिस्टल असतील तर फरक एवढा नगण्य असतो की ८७.५ टक्केही बिनधास्त चालतं. लांब फांद्या असलेल्या तारेवर तर ते बरंच, कारण रिसेसिव्हकडे जाताना सिग्नल थरथरतो आणि त्याला शांत व्हायला वेळ मिळतो.

लिनक्सवर:

```
ip link set can0 type can bitrate 500000 \
  sample-point 0.8125 sjw 3
ip -details -statistics link show can0
```

दुसऱ्या ओळीचा निकाल जरूर वाचा. कंट्रोलरचं घड्याळ वेगळं असेल तर मागितलेला आकडा न मिळता जवळचा मिळतो.

"टेबलावर चाललं"

टेबलावर तार अर्धा मीटर असते आणि दोन्ही बोर्ड एकाच तापमानाला असतात, म्हणजे वरचे दोन्ही दोष तिथे सहसा दिसत नाहीत. शिवाय चाचणीची फ्रेम बहुतेक वेळा `11 22 33` असली असते, आणि तिच्यात कडा भरपूर. त्यापेक्षा ही पाठवा:

```
cansend can0 123#3C3C3C3C3C3C3C3C
```

आठ बाइटच्या फ्रेममध्ये लांबीच्या खान्याचे शेवटचे तीन शून्य आणि पहिल्या 3C चे दोन शून्य मिळून पाच होतात, तिथे १ घातला जातो. त्याच्यापुढे चार १ येतात, की लगेच ० घालावा लागतो. असं शेवटच्या बाइटपर्यंत चालतं: पाच डॉमिनंट, पाच रिसेसिव्ह, दर दहा बिटांना एकच उपयोगी कड. एक नोड गरम करून ही फ्रेम हजारो वेळा पाठवा आणि एरर काउंटर बघा. घड्याळाच्या फरकाचा दोष असेल तर साध्या फ्रेम चालतात आणि हीच अडते. प्रॉपगेशनचा दोष मात्र कुठल्याही डेटावर दिसतो, फक्त तार खरी, पूर्ण लांबीची लावायला हवी.